प्रगतिपुस्तकातला शेरा आईला कळेल असा लिहा

आज शेजारच्या ताई मुलीचे प्रगतिपुस्तक घेऊन आल्या आणि दारातच विचारू लागल्या, "आमची मुलगी मंद आहे का हो?" तिसरीतल्या त्या मुलीच्या वाचनाबद्दल मराठीत लिहिले होते, "आकलनक्षमता कमी असून विशेष साहाय्याची आवश्यकता आहे." त्याच्या बाजूलाच वर्गाच्या बाईंचा मूळ इंग्रजी शेरा होता, "रीड्स फ्लुएंटली, बट नीड्स सपोर्ट विथ इन्फरन्स." म्हणजे मुलगी धडाधड वाचते, हे पहिले वाक्य मराठीत आलेच नाही, आणि बाईंनी दाखवलेली एक विशिष्ट अडचण मुलीच्या बुद्धीवरचा शिक्का होऊन बसली. मला याचा मनस्वी संताप आला.

बाईंना काय म्हणायचे होते, ते अवघड नाही. धड्यात "रस्ते ओले होते आणि लोक छत्र्या मिटत होते" असे असेल, तर रस्ते कसे होते हे ती बरोबर सांगते; पण नुकताच पाऊस थांबला असावा, हे धड्यात लिहिलेले नसल्यामुळे तिला ताडता येत नाही. ताईंना मी हेच उदाहरण देऊन सांगितले, तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "हो, गोष्टीतसुद्धा असेच होते तिचे." आईला ही गोष्ट ठाऊक होती, "आकलनक्षमता" या शब्दातून मात्र ती तिला ओळखू आली नाही.

मग आम्ही दोघींनी तो शेरा नव्याने लिहिला: "ती धडा न अडखळता वाचते आणि त्यात थेट दिलेली माहिती अचूक सांगते. न लिहिलेली गोष्ट वाचलेल्यावरून ओळखणे तिला अजून जमत नाही. घरी गोष्ट वाचताना मध्येच थांबून, पुढे काय होईल आणि तसे का वाटते, हे तिला विचारावे." यात काहीही गोड केलेले नाही, कारण "जमत नाही" हे तसेच आहे, मात्र "अजून" या शब्दामुळे ती अडचण आजची ठरते, आणि "कमी आहे" म्हटले की ती मुलीचा स्वभाव ठरते.

याच्या उलट "प्रगती समाधानकारक" लिहून मोकळे होणारेही तितकेच दोषी आहेत, कारण शाळेच्या श्रेणींत तो शब्द बहुधा खालच्या पायरीचा असतो आणि घरी मात्र त्यावर पेढे वाटले जातात.

एका वर्गाचे शेरे दोन दिवसांत मराठीत आणायचे असतात, वेळ नसतो, हे मान्य. पण मुलीला काय येते हे वाक्य गाळल्याने कितीसा वेळ वाचला?

तुमच्यापैकी जे हे काम करतात, त्यांना कळकळीची विनंती आहे की, शेरा मोघम असेल तर भाषांतर करण्यापूर्वी शिक्षकांकडे वर्गातले एक उदाहरण मागा, आणि लिहून झाल्यावर शाळेशी संबंध नसलेल्या एखाद्या पालकाला ते वाचून दाखवून, "आता घरी काय कराल?" एवढे विचारा. उत्तर "शिकवणी लावू" असे आले, तर तो शेरा पुन्हा लिहावा लागेल.