सनसेट झाला की झाली?

गेल्या महिन्यात आतेबहिणीने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. वाशीचं सागर विहार, खाडीवर उतरलेलं केशरी ऊन, आणि कठड्याशी पाठमोऱ्या उभ्या दोघी, आत्या आणि वर्षभरापूर्वी घरात आलेली वहिनी. खाली एकच ओळ होती:

"Finally! Sagar Vihar la sun set zali."

पहिली प्रतिक्रिया काकूंची. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई. त्यांनी स्वच्छ देवनागरीत लिहिलं, "सूर्यास्त झाला. झाली नव्हे." मग ऐरोलीच्या भाच्याने "ब्युटिफुल सनसेट" म्हणून तीन बदाम पाठवले. आणखी कुणी तरी फोटो कुठल्या फोनने काढला ते विचारलं. हसलं कुणीच नाही. संध्याकाळी आतेबहिणीने माझ्याकडे कुरकुर केली, "ताई, एवढं सुचलं होतं, आणि सगळं वाया गेलं."

माझं रोजचं काम मराठी मजकूर तपासण्याचं आहे, त्यामुळे असल्या ओळींशी माझा संबंध येतोच. ही ओळ मला फार आवडली, म्हणून ती नीट उलगडून दाखवते.

रोमन लिपीत s-u-n ही अक्षरं दोन भाषांत दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत सन, मराठीत सून. आपण मोबाईलवर "सासू-सून" हे "sasu-sun" असंच टाइप करतो, ऊ दीर्घ आहे हे दाखवायला वेगळं काही करत नाही. म्हणजे "sun set zali" ही एकच ओळ दोन प्रकारे वाचता येते. एक, सूर्य मावळला. दुसरी, सून सेट झाली. वहिनी गडहिंग्लजकडची. आली तेव्हा लोकलच्या गर्दीला घाबरायची, दोनदा तिचं स्टेशन मागे गेलं. आता ऐरोलीला उतरायचं असेल तर रबाळ्यालाच दारापाशी येऊन उभी राहते. आत्या हे सगळ्यांना कौतुकाने सांगते. तेव्हा "फायनली" हा शब्द सूर्यासाठी नाहीच, सूर्य काय रोजच मावळतो. तो वहिनीसाठी आहे.

आता काकूंना खटकलेला "झाली" बघा. त्यांना खटकला हे अगदी बरोबर, कारण गंमतीची किल्ली नेमकी तिथेच ठेवलेली आहे. सूर्यास्त तो, म्हणून मराठी माणूस सनसेटलाही "तो" म्हणतो. सनसेट झाला. सून मात्र ती. सून सेट झाली. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं आणि अशा वाक्यात ते कर्त्याचं लिंग सांगतं. म्हणून वाचणारा सूर्य डोळ्यांसमोर ठेवून ओळभर चालत येतो आणि शेवटच्या अक्षराला ठेचकाळतो. त्या ठेचेला दोन उत्तरं असू शकतात. लिहिणारीचं व्याकरण कच्चं, किंवा कर्ताच दुसरा. काकूंनी पहिलं उत्तर धरलं. शिक्षिका म्हणून आयुष्यभर तेच केलं, त्यांना दोष कसा देणार? पण असल्या ओळीत चूक दिसली की ती सुधारण्याआधी एक क्षण थांबून मागे वळावं असं मला मनापासून वाटतं. "झाली"वरून उलटं मागे या, स्त्रीलिंगी कर्ता शोधा, आणि सून समोर उभी राहते.

दुसरी खूण अगदी लहान आहे. तिने "sun" आणि "set" यांच्यात जागा सोडली आहे. इंग्रजीत संध्याकाळचा सूर्यास्त एकच शब्द, जोडून. ही जागा नसती तर "सून" वाचायला डोळा तयारच झाला नसता. आणि तिने "soon" असं टाइप केलं असतं, तसंही लोक करतात, तर सूर्य ओळीतून गेला असता. म्हणजे स्पेलिंग, जागा आणि प्रत्यय, तिन्ही तिने विचार करून ठेवलेलं होतं.

भाच्याचं अडलं ते वेगळ्या ठिकाणी. तो इंग्रजी माध्यमात शिकलेला, घरात मराठी बोलतो, पण रोमन अक्षरं दिसली की त्याचं डोकं इंग्रजी वाचू लागतं. "zali" त्याने वाचलं, पण झाला-झालीचा फरक त्याच्या कानाला तितका टोचत नाही. शिवाय "सेट होणे" हे इंग्रजी वाटलं तरी इंग्रजी नाही. सून सेट झाली, धंदा सेट झाला, पोरगं पुण्यात सेट झालं, यातला सेट म्हणजे जम बसणे, रुळणे. शब्द इंग्रजीतून आला आणि अर्थ इथे वाढला. इंग्रजीच्या शब्दकोशात शोधून हा अर्थ असा सापडायचा नाही. एकाच तीन अक्षरी "set"मध्ये सूर्यासाठी इंग्रजी अर्थ आणि सुनेसाठी मराठी अर्थ बसलेला आहे.

त्या रविवारी मी ठाण्याला चरईत काकूंकडे गेले. त्यांना समजावायला म्हणून ओळ मोठ्याने वाचायला लागले आणि पहिल्याच शब्दाशी अडले. सन म्हणू की सून? सन म्हटलं तर नुसता सूर्य आणि चुकलेलं व्याकरण. सून म्हटलं तर नुसती घरची बातमी. तोंड एका वेळी एकच उच्चार करतं, डोळा मात्र दोन्ही धरून ठेवतो. ही कोटी डोळ्यांची आहे, कानांची नाही. काकूंच्या हातात फोन दिला आणि "sun" वर बोट ठेवून म्हटलं, "हे मराठी समजून वाचा." त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, मग मान खाली घालून बराच वेळ हसत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "मग हे देवनागरीत का नाही लिहिलं गं तिने? मला लगेच कळलं असतं."

प्रश्न रास्त आहे. पण देवनागरी उच्चार लिहिते. तिथे ऱ्हस्व-दीर्घ, त-ट, द-ड, न-ण, ल-ळ सगळं वेगळं दाखवावंच लागतं. "सन" लिहा नाही तर "सून" लिहा, मधलं काही नाही. रोमनमध्ये हे सगळे फरक पुसले जातात. आपलं ठाणेच घ्या. "Thane" मध्ये ठ की थ, ण की न, आ की अ, काहीच कळत नाही. नवखा माणूस "थेन" म्हणतो तेव्हा त्याची चूक नसते, अक्षरांत ते लिहिलेलंच नसतं. एरवी हा रोमनचा मोठा दोष आहे, आणि मराठी देवनागरीतच लिहावी असं मी कुणालाही सांगेन. पण असल्या कोटीचा सगळा जीव त्या पुसलेल्या फरकातच असतो. अशी ओळ कुणी "शुद्ध" करून देवनागरीत पुढे पाठवली की मला वाईट वाटतं. त्यात शुद्धलेखन वाचतं आणि विनोद जातो.

सगळ्या कोट्या अशा नसतात. कॉफीच्या मगच्या फोटोखाली नुसतं "मग?" लिहिलं तर ते देवनागरीत चालतं, फोनवर ऐकवलं तरी चालतं, कारण इंग्रजी मग आणि मराठी मग आपल्या तोंडी सारखेच आहेत. ती कानांची कोटी, ती सोपी.

अवघड असतात त्या ज्यांत क्रियापदच नाही. श्रावण संपला त्या दिवशी नवी मुंबईच्या एका मैत्रिणीने कोळंबीच्या ताटाचा फोटो टाकला आणि लिहिलं, "Shravan sampla. Aata pure veg!" इथे दुसऱ्या वाक्यात क्रियापद नाही, म्हणून लिंग-वचनाची खूणही नाही. खूण आहे ताटात. श्रावण संपल्यावर आता प्युअर व्हेज? आणि समोर कोळंबी? फोटो आणि शब्द एकमेकांच्या विरुद्ध जातात. मग "pure" मराठी समजून वाचायचं, पुरे. आता पुरे व्हेज. हॉटेलच्या पाटीवर हजारदा पाहिलेले ते दोन शब्द असल्यामुळे डोळा बेसावध सापडतो.

म्हणजे आधी काहीतरी लंगडं दिसलं पाहिजे, क्रियापदात किंवा चित्रात. मग त्याच्या आसपासचा एखादा शब्द दुसऱ्या भाषेतला समजून वाचायचा. तरीही एक पडताळा मी कधी सोडत नाही. दोन्ही अर्थ फोटोला लागतात का? सागर विहारला सूर्यही होता आणि सूनही होती. त्या ओळीखाली नुसता गणपतीचा फोटो असता, तर "zali" ही खरंच टायपिंगची चूक असती आणि काकू बरोबर ठरल्या असत्या. ओढूनताणून अर्थ काढणारेही भेटतात. त्यांना प्रत्येक "pan" मध्ये पण, पान आणि पॅन कार्ड एकदम दिसतं.

लिंगाची खूणही दर वेळी कामी येत नाही. काही इंग्रजी शब्दांचं मराठीत लिंग अजून ठरलेलं नाही. आमच्या ऑफिसात निम्मे लोक "मेल आला" म्हणतात, निम्मे "मेल आली". पेन कुणाचा तो, कुणाचं ते. अशा शब्दावर कोटी रचली तर वाचणाऱ्याला ठेचच लागत नाही, कारण त्याच्या कानाला दोन्ही चालतं. सनसेटच्या बाबतीत "तो" पक्का आहे, म्हणून आतेबहिणीची ओळ उभी राहिली. ज्यांना अशा ओळी सुचतात त्यांनी एवढं बघून घ्यावं. आणि सुचली की खाली कंसात अर्थ लिहू नये. कळायला वेळ लागतो, लागू द्यावा.

काकूंनी ग्रुपवरची आपली दुरुस्ती काढून टाकली. मी म्हटलं, राहू द्या, त्याच्यामुळेच मला सगळं सांगता आलं. त्या ऐकेनात.

परवा त्यांच्या भाचीचं लग्न ठरलं. पत्रिका जुळली, दोन्हीकडची मंडळी खूश. दुपारी ग्रुपवर काकूंचा मेसेज आला, आयुष्यात पहिल्यांदा रोमनमध्ये:

"36 paiki 32 gun julale. License kadhava lagel."

ऐरोलीच्या भाच्याने लगेच विचारलं, "काकूआजी, कुणाच्या गन?" काकूंनी त्याला फोन करून विचारलं, गन असत्या तर मी "जुळले" लिहिलं असतं की "जुळल्या"?