गाडी भरायची की नाही, एवढंच लिहा ना!

आंब्याच्या ऐंशी पेट्या. पाच डझनी. गुरुवारी पहाटे पुण्याच्या गोदामाच्या दारात गाडी उभी आणि रखवालदार ड्रायव्हरला सांगतोय, "आज माल घेत नाहीत, तुम्हाला मेल गेलाय." मेल आला होता. मंगळवारी संध्याकाळी मी तो तीन वेळा वाचला होता आणि तीन वेळा वाचूनही त्यात "गाडी पाठवू नका" हे मला दिसलं नव्हतं, कारण ते त्यात लिहिलेलंच नव्हतं. लिहिलं होतं ते असं:

"आपल्या मालाच्या गुणवत्तेसंदर्भातील निरीक्षणे व साठवणूक क्षमतेचे इष्टतमीकरण विचारात घेता, पुढील टप्प्यातील आवकेचे पुनर्नियोजन करण्यात येत असून, सर्व संबंधित भागीदारांनी आपल्या स्तरावर यथोचित कार्यवाही करावी."

देवगडात आमच्या मांगरात खालच्या अंगाला पेट्या ठोकण्याचं काम चालू होतं. मी हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं तर आमचा बाबल्या हातोडी खाली ठेवून म्हणाला, "वयनी, ता सगळा जाऊ दे. गाडी भरूची की नाय?" मला उत्तर देता येईना. "आवक" म्हणजे आमचा आंबा, हे कळलं. "पुनर्नियोजन" म्हणजे पुढे ढकललं? कमी केलं? रद्द केलं? आणि "करण्यात येत आहे" म्हणजे झालं की व्हायचंय? "यथोचित कार्यवाही" करायला सांगितली, तर माझ्या दृष्टीने यथोचित कार्यवाही म्हणजे ठरल्या दिवशी माल पोचवणं. तेच मी केलं. बुधवारी रात्री गाडी फोंडाघाट चढून गेली.

तो आंबा परत आणणं शक्य नव्हतं. तयार हापूस गवतात बसला की तो कोणाच्या पुनर्नियोजनासाठी थांबत नाही. दुपारपर्यंत तिथल्याच एका व्यापाऱ्याला पेटीमागे ४०० रुपये कमी घेऊन दिला. ३२,००० रुपये, एका वाक्यापायी.

खरा संताप पुढे आहे. मी फोन लावला. तो मेल ज्याने लिहिला होता, तोच मुलगा फोनवर होता, आणि फोनवर तो सरळ म्हणाला, "ताई, कोल्ड स्टोरेज फुल आहे. सोमवारी पाठवा, पण पन्नासच पेट्या. आणि गेल्या वेळी बऱ्याच फळांवर चिकाचे डाग होते." बघा! त्याच्याकडे सगळे शब्द होते. फुल, सोमवार, पन्नास, चीक, डाग. तोंडाने बोलताना माणूस होता, लिहायला बसल्यावर त्याने ते सगळे शब्द पुसले आणि जिथे जिथे काहीतरी डोळ्यांनी दिसत होतं तिथे तिथे "-करण" आणि "-संदर्भातील" भरले.

आणि "गुणवत्तेसंदर्भातील निरीक्षणे"! यावर मी दोन दिवस धुमसतेय. आंब्यात खोट निघाली तर ती कोणती, यावर आमचं सगळं काम ठरतं. साका असेल तर बाहेरून फळ सुरेख दिसतं आणि कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा भाग निघतो. मग आम्ही फळ थोडं आधी काढायचं, आणि काढलेलं फळ तापलेल्या जमिनीवर न ठेवता ताबडतोब सावलीत न्यायचं. देठाजवळ काळं पडून फळ कुजत असेल तर तो वेगळा रोग, त्याचा इलाजही वेगळा. सालीवर चीक ओघळल्याचे डाग असतील तर झेल्याने काढताना देठ ठेवायचा आणि चीक निथळू द्यायचा. तीन खोटी, तीन वेगळी कामं. "गुणवत्ता" म्हटलं की तिन्ही एकाच पोत्यात. मी त्या मेलवरून साका समजले आणि गड्यांना पहाटे पाचला बागेत बोलावलं. डाग होते चिकाचे!

हे नवीन नाही. बँकेचं पत्र आलं होतं, "खात्याबाबतची आवश्यक पूर्तता प्रलंबित आहे." दोन खेपा घातल्यावर कळलं, आधारची झेरॉक्स हवी होती. ट्रान्सपोर्टवाल्याने कळवलं, "परिचालनात्मक अडचणींमुळे विलंब संभवतो." गाडीचं टायर फुटलं होतं. टायर फुटलं असं लिहिलं असतं तर मी तासाभराचा हिशेब धरला असता आणि माणसं घरी पाठवली नसती.

काल रात्री रागारागाने मी त्यांचा मेल स्वतः लिहून काढला. प्रत्येक जड शब्दाला विचारलं: कोणी? काय? किती? कधी? ज्या शब्दाने उत्तर दिलं नाही तो काढला. "पुनर्नियोजन करण्यात येत आहे" यात करणारा माणूसच नाही, म्हणून "आम्ही" आणला. नामातून क्रियापद बाहेर काढलं: साठवणूक नको, "ठेवायला जागा नाही" हवं. आकडे त्याच्याकडून फोनवर विचारून घेतले. निघालं ते असं:

"विषय: गुरुवारचा आंबा पाठवू नका

नमस्कार ताई,
गुरुवारी गाडी पाठवू नका. आमचं कोल्ड स्टोरेज भरलं आहे, पेट्या ठेवायला जागा नाही. सोमवारी सकाळी ८ च्या आत ५० पेट्या पाठवा.
गेल्या गाडीतल्या १० पेट्या आम्ही उघडल्या. ६०० फळांपैकी ७२ फळांवर चिकाचे डाग होते. फोटो जोडले आहेत. फळ देठासकट काढून, चीक निथळल्यावरच पेटीत भरा.
हे जमणार असेल तर बुधवारी दुपारपर्यंत कळवा."

यात उद्धट काय आहे, सांगा मला. माझा पुतण्या पुण्यात नोकरीला आहे, तो म्हणतो असं लिहिलं तर साहेबाला पोरकट वाटतं. मान "नमस्कार ताई"मध्ये आहे, "पाठवा"च्या अनेकवचनात आहे. धूसर लिहून मान दिला जात नाही, समोरच्याची गाडी फुकट जाते.

पुतण्याने मग त्याची सोपी आवृत्ती करून पाठवली: "माल पाठवताना योग्य ती काळजी घ्या आणि तारखांबाबत लवकरात लवकर संपर्क साधा." शब्द सगळे घरातले, आणि तरी गाडी भरायची की नाही ते कळत नाही! "योग्य ती" म्हणजे कोणती? "लवकरात लवकर" म्हणजे किती वाजेपर्यंत? सोपा शब्द वेगळा आणि दिसणारा शब्द वेगळा. शुद्ध मराठीचा हट्टही मी धरत नाही. कोल्ड स्टोरेज लिहा, पेमेंट लिहा, बाबल्याला कळतं. इष्टतमीकरण त्याला कळत नाही, मलाही कळत नाही, आणि त्या मुलालाही फोनवर त्याचा अर्थ सांगता आला नाही. करारातलं कलम असेल, जीएसटीचं काही असेल, तर तिथे ठरलेला शब्दच लागतो, तो बदलू नका. पण गाडीच्या वाराला कलमाची भाषा कशाला?

पाठवण्याआधी मेल एकदा फोनवरून ड्रायव्हरला वाचून दाखवा. त्याने "म्हणजे काय करू?" असं विचारलं तर मेल झालेला नाही, परत लिहा.

माझा लिहिलेला मेल मी त्यांना पाठवलाय आणि खाली एक ओळ घातलीय: सोमवारी ५० पेट्या घेणार की नाही, एवढंच उत्तर द्या. ते "हो" अशा अक्षरांत आल्याशिवाय मी पेट्यांना दोरी बांधू देणार नाही. बाबल्याला तसं सांगून ठेवलंय.