कोपीतली चिमणी आणि आत घेतलेला स्टोव्ह

ऊसतोड कामगारांच्या मुलांना मी साखरशाळेत दोन हंगाम शिकवलं. सकाळी पोरं येऊन बसली की निम्म्यांच्या नाकपुड्या आतून काळ्या असायच्या. विचारलं की उत्तर ठरलेलं, "बाई, रातच्याला चिमणी व्हती." चिमणी म्हणजे औषधाची रिकामी बाटली, तिच्या पत्र्याच्या झाकणाला भोक आणि त्यातून वर काढलेली चिंधीची वात. काच नाही, वात कमीजास्त करायची सोय नाही.

एका संध्याकाळी मी त्यांच्या कोपीत, म्हणजे राहायच्या खोपटात, बसून मोजलं. खोकल्याच्या औषधाच्या मापाने ३० मिली रॉकेल घातलं. सातला लावलेली चिमणी दहाच्या सुमारास विझली. म्हणजे तीन तासांत साधारण २४ ग्रॅम रॉकेल जळालं. अशा उघड्या वातीच्या दिव्यांवरचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला आहे. जळालेल्या रॉकेलपैकी ७ ते ९ टक्क्यांची काजळीच होते, असं त्यात आढळलं. त्या हिशेबाने त्या कोपीत रोज रात्री जवळजवळ दोन ग्रॅम काजळी सुटत होती, आणि चिमणीला सर्वांत जवळ असायचं ते अभ्यासाला वाकलेलं पोर.

वात नीट कापली की काजळी थांबते, असं पुष्कळांना वाटतं. ती कमी होते, थांबत नाही, कारण चिमणीचा पिवळा उजेड हाच मुळी तापलेल्या काजळीचा उजेड असतो. वातीवरच्या वाफेला पुरेशी हवा मिळत नाही, तिच्यातले कार्बनचे कण ज्योतीत तापून चमकतात आणि काही न जळताच वर निघून जातात. कंदिलाची काच खालून हवा ओढून घेते, म्हणून त्यात काजळी पुष्कळ कमी.

पण मला त्याहून जास्त भीती वाटते ती स्टोव्हची, आणि त्याला एक कारण आहे.

जानेवारीत अवकाळी पाऊस झाला. बाहेरची चूल भिजली, म्हणून एका घराने वातीचा स्टोव्ह आत घेतला. वरून ताडपत्री ओढली, थंडी म्हणून दाराचं पोतंही सोडलं. स्वयंपाक झाल्यावर ऊब राहावी म्हणून स्टोव्ह तसाच चालू ठेवला. ज्योत निळी, भांड्याला काळं नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. तासाभरात आईला उलट्या झाल्या, दोन्ही मुलांची डोकी ठणकायला लागली, धाकटी तर जागीच होईना. शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे बोटाला यंत्र लावलं, त्यावर ९८ आला. "ऑक्सिजन चांगला आहे, शिळं खाल्लं असेल," म्हणून गोळ्या देऊन परत पाठवलं. याचा राग मला आजही आहे.

बंद कोपीत जळणाऱ्या स्टोव्हमधून कार्बन मोनॉक्साइड वायू सुटला होता. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. बोटाला लावायच्या साध्या यंत्राला ऑक्सिजन चिकटलेलं आणि हा वायू चिकटलेलं रक्त सारखंच लाल दिसतं, म्हणून ते ९८ दाखवतं. खरं कळतं ते कार्बोक्सीहिमोग्लोबिनच्या रक्ततपासणीत. मोकळ्या हवेत आणलं तरी तो रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास.

म्हणून ओळखायचं ते माणसांवरून. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, अंगात ताप मात्र नसतो आणि बाहेर आलं की बरं वाटू लागतं. असं झालं की आधी सगळ्यांना बाहेर काढा, आणि डॉक्टरांना "आत स्टोव्ह चालू होता" हे आपण होऊन सांगा. स्टोव्ह चिमणीच्या दहापट तरी रॉकेल जाळतो, त्यामुळे निळी ज्योतसुद्धा बंद जागेत निर्धास्त नसते. हवा आतबाहेर खेळती हवी, आणि उबेसाठी तो कधीच लावू नये.

उजेडासाठी मात्र आज घरात काही जाळायची गरज उरलेली नाही. एक वॉटचा एलईडी चिमणीच्या कितीतरी पट उजेड देतो. सहा तास लावला तर सहा वॉट-तास लागतात. ३.२ व्होल्ट, ३००० मिलिअँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ९.६ वॉट-तास धरते, आणि तीन वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसभरात ती भरतं. घेताना डब्यावर हे आकडे शोधा. नुसतं "सोलर" लिहिलेला स्वस्त दिवा घेऊ नका. त्यात शिशाची छोटी बॅटरी असली तर चार महिने वापरून उरलेलं वर्ष तशीच पडून ती मरते, आणि पुढच्या हंगामात चिमणी परत येते. पॅनेल कोपीच्या आत ठेवून चालत नाही, आणि फडातली धूळ दोन-तीन दिवसांनी ओल्या फडक्याने पुसावी लागते.

माझी मागणी एवढीच, की हंगामाच्या सुरुवातीला मुकादम उचल देतो तेव्हा कारखान्याकडून प्रत्येक कोपीमागे असा एक दिवा मिळावा. उचलीत कापून नव्हे, कोयत्याच्या, म्हणजे तोडणीच्या जोडप्याच्या, हिशेबाबाहेर.