इच्छाशक्तीच्या नावानं चांगभलं!

यूट्यूबवर शिकताना लक्ष भरकटू नये म्हणून बाजूची यादी, कमेंट्स आणि लाइकचा आकडा पडद्याआड कसा लपवायचा, ते मी मागे एका लेखात लिहिलं होतं. त्यावर तासगावच्या एका वाचकाची प्रतिक्रिया:

"सर, लेख वाचला. तुम्ही दिलेली ओळ टाकली, बाजूची यादी गेली, पण मी लावलेली प्लेलिस्टही तिच्यासोबत गेली. दुसरं, कमेंट्स लपवायच्या हे पटलं नाही. मागच्या हंगामात डाउनी रोगावरच्या एका व्हिडिओत औषधाचं प्रमाण चुकीचं सांगितलं होतं. खाली एका बागायतदाराने ते दुरुस्त केलेलं वाचलं म्हणून वाचलो. आणि खरं सांगू का, इच्छाशक्ती असलेल्या माणसाला असले पडदे लागत नाहीत."

दादा, तुमची प्रतिक्रिया सकाळी सव्वासहाला वाचली. गॅसवर चहा होता, तो उतू गेला. एवढा परिणाम झाला हे आधीच सांगून टाकतो.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा. लेखात मी `#secondary` लपवायला सांगितलं होतं. चूक माझी. व्हिडिओच्या उजवीकडचा अख्खा रकाना म्हणजे `#secondary`. त्यात शिफारशींची यादी असते, पण प्लेलिस्टही तिथेच असते, लाइव्ह व्हिडिओची चॅट तिथेच असते आणि ट्रान्सक्रिप्ट उघडलं तर तेही तिथेच येतं. ढेकूण मारायला मी खाट जाळली. नुसत्या शिफारशींच्या भागाचं नाव `#related` आहे. मी प्लेलिस्ट लावून बघत नाही, म्हणून दीड महिन्यात माझ्या हे लक्षातच आलं नाही. लेखात दुरुस्ती केली आहे, इथेही देतो:

```
www.youtube.com###related
www.youtube.com###comments
www.youtube.com##segmented-like-dislike-button-view-model
www.youtube.com##.ytp-ce-element
```

फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे पानावरचे भाग लपवणारं एक्स्टेन्शन टाकायचं, त्याच्या डॅशबोर्डवर `My filters` उघडून या चार ओळी चिकटवायच्या, `Apply changes` दाबायचं आणि यूट्यूबचं पान पुन्हा लोड करायचं. क्रोममध्ये आता हे जुनं यूब्लॉक ओरिजिन चालत नाही, म्हणून फायरफॉक्स. पहिल्या दोन ओळींत तीन हॅश आहेत त्या टायपिंगच्या चुका नाहीत, एका वाचकाने मला तसं कळवलंही होतं. दोन हॅश म्हणजे "हे लपव", आणि तिसरा त्या भागाच्या नावाचा. तिसऱ्या ओळीने लाइक-डिसलाइकची अख्खी बटणंच जातात, आकड्यासकट. चौथी ओळ व्हिडिओच्या शेवटी चित्रावरच येणाऱ्या चौकोनांसाठी. ते शेवटच्या 5 ते 20 सेकंदांत येतात, नेमका माणूस वहीत काहीतरी उतरवून घेत असतो तेव्हा. यूट्यूबवाले ही नावं मधून मधून बदलतात. एखाद्या दिवशी अंगठ्याशेजारी आकडा पुन्हा दिसला की समजायचं, नाव बदललं. मग त्या आकड्यावर राइट क्लिक करून `Block element` निवडायचं, नवी ओळ ते स्वतःच तयार करून देतं.

झालं. आता तुमचं शेवटचं वाक्य.

"खरं सांगू का" अशी सुरुवात झाली की पुढे टोचणी येणार हे आपल्या भागात शेंबड्या पोरालाही कळतं. मुद्दा सांगायचा होता तर प्लेलिस्टपाशी, फार तर औषधापाशी थांबता आलं असतं. पण तुम्हाला माझी इच्छाशक्ती मोजायची होती. मोजा.

मी एकवीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात अडतीच्या दुकानात हिशेब लिहिला. हळदीचे सौदे सुरू झाले की बाहेर ओरडा, आत धूळ, दोन फोन एकदम वाजताहेत, शेतकरी पट्टीसाठी समोर उभा, हमाल तोलाईच्या पैशासाठी मागे उभा. त्यात बसून मी तोलाई, हमाली, अडत वेगळी काढून पट्टी केली आहे आणि मालकांना माझी बेरीज दुसऱ्यांदा तपासावी लागली नाही. 2019च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी आलं तेव्हा वह्या माळ्यावर चढवून मेणबत्तीच्या उजेडात मी थकबाकीची यादी पुरी केली. बायको म्हणाली, आधी तांदूळ वर घ्या. मी वह्या घेतल्या. (तांदूळ भिजले. तो विषय आमच्या घरी अजून मिटलेला नाही.) तेव्हा इच्छाशक्तीबद्दल तासगावहून शिकवणी नको.

आणि हाच माणूस एका मंगळवारी चौदा मिनिटांच्या व्हिडिओपुढे हरला. हे मी लेखातच लिहिलं होतं, पण तुम्ही बहुधा पडद्यांपर्यंतच वाचलं. एक्सेलच्या पॉवर क्वेरीत दोन याद्या एका सामाईक रकान्यावरून कशा जोडायच्या, हे मला शिकायचं होतं. एका यादीत पावती क्रमांक आणि वजन, दुसरीत पावती क्रमांक आणि भाव. साडेआठला बसलो. चौथ्या मिनिटाला मास्तर `Merge Queries` उघडणार, तेवढ्यात उजवीकडे जुन्या स्कूटरचा कार्बोरेटर घरच्या घरी साफ करण्याचा व्हिडिओ दिसला. माझ्याकडे जुनी स्कूटर आहे हे यूट्यूबला माहीत. तो बघितला. त्याच्या खालच्या कमेंट्समध्ये दोघे ऑइलवरून भांडत होते, ते भांडण शेवटपर्यंत वाचलं. मग त्यातल्या एकाने शिफारस केलेला तिसरा व्हिडिओ. घड्याळ बघितलं तर दहाला पाच कमी, आणि पॉवर क्वेरी चार मिनिटं बारा सेकंदांवर उभी.

त्या आठवड्यात कॅलेंडरच्या पाठीमागे सहा संध्याकाळींचा हिशेब लिहिला. सहापैकी तीन व्हिडिओ अर्धेच राहिले. पडदे लावून आणखी सहा संध्याकाळी मोजल्या, त्यांत तोच चौदा मिनिटांचा व्हिडिओ मी बावीस मिनिटांत संपवला. वरची आठ मिनिटं थांबवून स्वतः करून बघण्यात गेली, म्हणजे जिथे जायला हवीत तिथेच गेली. एका माणसाच्या बारा संध्याकाळी म्हणजे संशोधन नव्हे, तसा माझा दावाही नाही. पण मंगळवारचा माणूस आणि पडदे लावल्यानंतरचा माणूस एकच होता. मधल्या काळात त्याची इच्छाशक्ती वाढली नव्हती, फक्त उजवी बाजू रिकामी झाली होती. ती उजवी बाजू काय चीज आहे तेही ऐका. यूट्यूबचे तेव्हाचे मुख्य उत्पादन अधिकारी नील मोहन यांनी जानेवारी 2018 मध्ये स्वतःच सांगितलं होतं की, लोक यूट्यूबवर जेवढा वेळ बघतात त्यातला 70 टक्क्यांहून जास्त वेळ त्यांच्या शिफारशींमुळे येतो. म्हणजे ती यादी पानाची शोभा नाही, तिथला मुख्य धंदा आहे. जे काम करायला ती बसवली आहे ते काम ती माझ्यावर करते, आणि तुम्ही म्हणता, दोष तुमच्या मनाचा.

लाइकच्या आकड्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, तरी मी बोलणार, कारण लेखातला तो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नोव्हेंबर 2021 मध्ये यूट्यूबने डिसलाइकचा आकडा लोकांना दाखवणं बंद केलं, लाइकचा तसाच ठेवला. मी हिशेबनीस आहे. जमेची बाजू उघडी आणि नावेची बाजू झाकलेली अशी वही कोणी माझ्यापुढे ठेवली तर मी तिच्यावरून शिल्लक काढणार नाही. तुम्हीही काढू नका. पण डोळ्याला आकडा दिसला की मन शिल्लक काढतंच. 2006 मध्ये सालगानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापला होता. चौदा हजारांवर माणसं, 48 अनोळखी गाणी. काही गटांना आधीच्या लोकांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं ते दाखवलं, काहींना नाही. जिथे आकडे दाखवले तिथे गाजलेली गाणी जास्तच गाजली, पण कोणतं गाणं गाजणार हे मात्र प्रत्येक गटात बदललं. गाणी तीच होती. मला अनुभव असाच आला. पॉवर क्वेरीसाठी मी आधी सगळ्यात जास्त लाइकवाला व्हिडिओ दोनदा बघितला आणि समजत नाही म्हणून स्वतःला बोल लावला. मग कळलं की त्यातला मेनू जुन्या आवृत्तीचा आहे, माझ्या पडद्यावर ते बटणच त्या जागी नाही. आकडा दिसत नसता तर पहिल्याच मिनिटाला तो व्हिडिओ सोडला असता.

राहिला तुमच्या औषधाचा मुद्दा. औषधाच्या डब्यावर लेबल असतं, त्यावर प्रमाण छापलेलं असतं. व्हिडिओवरून फवारायचं आणि कमेंटवरून दुरुस्त करायचं, यात तुम्ही वाचलात याबद्दल आनंद आहे. दुरुस्त करणारा बागायतदार होता हे तुम्हाला त्याने स्वतः सांगितलं म्हणूनच ना कळलं? तरीही कमेंट्स बघायच्याच असतील तर यूब्लॉकच्या छोट्या खिडकीत डोळ्याचं एक चिन्ह आहे, ते दाबलं की लपवलेलं सगळं त्या साइटपुरतं परत दिसतं. व्हिडिओ संपल्यावर दाबा, वाचा, पुन्हा झाकून ठेवा. मी बंदी घातलेली नाही. यावर याहून जास्त बोलत नाही.

तुम्ही फोनवर बघत असाल, आणि बागेत उभे राहून फोनवरच बघत असणार, तर यूट्यूबच्या ॲपमध्ये यातलं काहीही चालत नाही. तिथे एवढंच करता येतं: बघण्याचा इतिहास बंद करून जुना पुसून टाकायचा, मग पहिलं पान जवळपास कोरं राहतं, आणि ऑटोप्ले बंद ठेवायचं. व्हिडिओखालची यादी जात नाही. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये यूब्लॉक टाकता येतं, पण यूट्यूबच्या मोबाइल पानावर भागांची नावं वेगळी आहेत, वरच्या ओळी तिथे तशाच चिकटवून उपयोग नाही. हे मूळ लेखात नव्हतं. आणखी एक चूक सापडली म्हणून पुन्हा लिहाल, त्याआधी मीच सांगतो.

बाकी, माझ्या लेखाला अकरा अंगठे आहेत आणि तुमच्या प्रतिक्रियेला सतरा. हो, मोजले मी. इथले लपवायची ओळ अजून जमलेली नाही.