हिरवं कापड परत करायची घाई नको: एका फॉरवर्डला उत्तर

«ग्रीन स्क्रीनचे दिवस संपले!! कापडावर पैसे घालवू नका. (१) एआय एका क्लिकमध्ये केसन्‌केस अचूक कापतो, मागे काहीही असो. (२) कडेला रंग चढतो तो फक्त ग्रीन स्क्रीनमध्ये, एआयमध्ये कधीच नाही. (३) तरी कडा खटकली तर फेदर वाढवा, झालं. (४) ग्रीन स्क्रीनला स्टुडिओ आणि महागडे लाइट लागतात. (५) बॅकग्राउंड काढून MP4 सेव्ह करा आणि कुठेही टाका. पुढे पाठवा, कोणाचे तरी पैसे वाचतील.»

हे फिरत फिरत माझ्या वहिनींच्या क्लासच्या पालक-ग्रुपवर आलं. वहिनी कोथरूडला कथक शिकवतात. ऑनलाइन वर्गासाठी नाच रेकॉर्ड करून मागे देवळाचा सभामंडप लावायचा, असा बेत आहे. त्यासाठी रविवार पेठेतून हिरवं कापडही आणलंय: ते मागे टांगून नाचायचं आणि नंतर सॉफ्टवेअरने तो हिरवा रंग काढून तिथे सभामंडप बसवायचा, हीच ग्रीन स्क्रीन. लगेच फोन आला, "भावजी, दुकानदार अजून परत घेईल म्हणतोय, देऊन टाकू का?" पैसे कोणाचे वाचणार होते ते कळलं. आता मुद्द्यांवर येतो.

पहिल्या मुद्द्यातला «केसन्‌केस अचूक» हा शब्दप्रयोग ज्याने केला, त्याने फिरणाऱ्या नर्तिकेची एकसुद्धा फ्रेम थांबवून पाहिलेली नाही. आपण पाहू. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा, शटर दर फ्रेमला सेकंदाचा १/५० भाग उघडं. वहिनी सेकंदाला एक चक्कर घेतात आणि पसरलेला तळवा शरीराच्या मध्यापासून साधारण ७० सेंटीमीटरवर असतो. म्हणजे तळवा सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने जातोय आणि शटर उघडं असेपर्यंत तो जवळजवळ ९ सेंटीमीटर सरकतो. फ्रेमच्या १०८० पिक्सेल उंचीत दोन मीटर मावत असतील, तर हात कॅमेऱ्यासमोरून आडवा जाताना त्याचा ४७ पिक्सेलचा फराटा उमटतो. तळव्याची रुंदीच मुळात आठेक सेंटीमीटर. त्यामुळे त्या फ्रेममध्ये हाताचा एकही पिक्सेल शंभर टक्के हाताचा नसतो. प्रत्येकात थोडा हात आणि थोडी मागची भिंत मिसळलेली असते.

आता तिथे «कापायचं» म्हणजे काय? बरीचशी फोनमधली अॅप्स "हा माणूस, ही भिंत" एवढंच ठरवतात, तेही बहुतेकदा चित्र लहान करून. त्यातून माणसाचा जो कापीव आकार मिळतो तो मास्क, आणि तो लहान मास्क ताणून मूळ चित्रावर बसवला जातो. अशा मास्कपुढे अर्धपारदर्शक फराटा आला की दोनच गोष्टी होतात. एक तर बोटं गायब होतात आणि मनगटाशी हात बोथट संपतो, नाहीतर बोटांसोबत भिंतीचा तुकडाही उचलला जातो. निर्णय फ्रेमगणिक बदलला की कडा लुकलुकते. कमरेवर हात ठेवला की कोपर आणि कंबर यांच्यामध्ये जो त्रिकोण होतो, त्यात जुनी खोली तशीच राहते, हे वेगळंच. वहिनींच्या चाचणी व्हिडिओत सभामंडपाच्या मधोमध, बरोबर त्या त्रिकोणात, क्लासमधल्या खिडकीचं ग्रिल दिसत होतं.

तपासायचं असेल तर नवीन बॅकग्राउंड लावून बघू नका, ते दोष लपवतं. मागे सपाट भडक राणी रंग टाका, मग नुसता अल्फा, म्हणजे कुठला पिक्सेल किती पारदर्शक ते, काळ्या-पांढऱ्यात पाहा आणि चक्करची एकेक फ्रेम पुढे सरकवा. जिथे करड्या छटा असायला हव्यात तिथे पांढऱ्याला लागून थेट काळा आला, तर तो मास्क नाचासाठी बाद.

हिरव्या कापडाने इथे काय फरक पडतो, ते अॅल्वी रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी १९९६ साली सिगग्राफ या संगणक-ग्राफिक्सच्या परिषदेत मांडलेल्या «ब्लू स्क्रीन मॅटिंग» या निबंधात गणिताने दाखवलं आहे. कॅमेरा पिक्सेलमागे तीन आकडे देतो: लाल, हिरवा, निळा. आपल्याला हवे असतात सात: माणसाच्या रंगाचे तीन, मागच्या रंगाचे तीन आणि सातवा मिश्रणाचं प्रमाण. मागे एकच, माहीत असलेला रंग लावला की त्याचे तीन सुटतात आणि अज्ञात उरतात चार. समीकरणं तरीही तीनच! म्हणजे कापड लावूनसुद्धा एक गोष्ट गृहीत धरावीच लागते, उदाहरणार्थ समोरच्या माणसात कापडाचा रंग नाही, किंवा त्याचे रंग करडे नाहीतर त्वचेचे आहेत. हे गृहीतक टिकलं, तर ४७ पिक्सेलच्या फराट्यात कुठे किती टक्के हात आहे ते हिशेबाने निघतं. एआयलाही अंदाजच करायचा असतो, पण चार नव्हे, सात आकड्यांचा, आणि तो कुठे फसणार हे शूटिंगआधी तुम्हाला सांगता येत नाही. कापडाचं फसणं आधीच सांगता येतं. हातात हिरवा चुडा असेल तर मनगटाला भोक पडणार. म्हणून वहिनींना सांगितलं, की कापड परत करू नका, बदलून निळं घ्या. निळ्याला उजेड थोडा जास्त लागतो, कारण कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरव्याच्या निम्मेच निळे बिंदू असतात आणि निळ्यात दाणे लवकर दिसतात. पण चुडा उतरवायला सांगण्यापेक्षा एक लाइट जास्त लावणं घरात शांतता राखणारं आहे.

दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा मला नाइलाजाने मान्य. कापडावरून उडालेला हिरवा उजेड गालावर, केसांवर आणि पितळी घुंगरांवर पडतो. त्याला स्पिल म्हणतात आणि तो ग्रीन स्क्रीनचाच दोष आहे. माणूस कापडापासून दोनेक मीटर पुढे आणला की तो बराच कमी होतो. उरलेला सॉफ्टवेअर काढतं, तेही साध्या नियमाने: हिरवा आकडा लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा वर गेला की तो तिथवर खाली आणायचा. इथेच एक गंमत होते. गजऱ्यातल्या झेंडूचा पिवळा घ्या: लाल २३५, हिरवा २००, निळा ४०. लाल-निळ्याची सरासरी १३८ च्या आसपास येते, हिरवा २०० वरून तिथे उतरतो आणि पिवळा झेंडू भगवा होतो. स्पिल काढताना सरासरीऐवजी "दोघांतला मोठा आकडा" ही मर्यादा निवडता येत असेल, तर २०० हा २३५ पेक्षा कमीच आहे, म्हणून झेंडूला धक्का लागत नाही. हळदी रंगाची साडी असेल तर एवढं एक सेटिंग बदलून बघा.

पण एआयमध्ये «कधीच नाही»? मास्क फक्त पारदर्शकता ठरवतो. कडेच्या पिक्सेलमध्ये मिसळलेला जुना रंग तिथेच असतो. वहिनींची भिंत पांढरट आणि नवा सभामंडप काळोखा, त्यामुळे केसांभोवती पांढरी रेघ आली. हिरवा चढला की निदान काय वजा करायचं ते माहीत असतं. इथे केसामागे एका जागी भिंत, दुसऱ्या जागी खिडकी आणि तिसऱ्या जागी कॅलेंडर होतं. वजा काय करणार? काही चांगली साधनं कडेचा मूळ रंगही अंदाजाने भरून देतात, पण एका क्लिकचं फोनवरचं अॅप सहसा ते करत नाही.

आता फेदर. फेदर म्हणजे कडेचा पट्टा रुंद करून धूसर करणं. पट्टा बाहेर पसरला की जुनी भिंत आणखी आत येते, म्हणजे पांढरी रेघ जाऊन पांढरं वलय येतं. मग लोक मास्क आत ओढतात आणि बोटांची टोकं, भुरभुरणारे केस खाल्ले जातात. शिवाय फेदर सगळीकडे सारखा लागतो. पायाची कडा फ्रेममध्ये स्थिर आणि धारदार, हाताची ४७ पिक्सेल पसरलेली. दोघांना एकच आकडा कसा पुरणार?

चौथ्या मुद्द्याला स्टुडिओ लागत नाही, अक्कल लागते. कापड चमकणारं नको, इस्त्री केलेलं हवं, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी सारखा उजेड. शटर १/१०० करा, हाताचा फराटा निम्मा होतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १/५० आणि १/१०० ला लाइट लुकलुकत नाहीत, उगाच १/८० लावू नका. फोनवर चित्रण करत असाल तर ४के मध्ये करा. फोन सहसा रंगाची माहिती दोन्ही दिशांना निम्म्या बारकाईने साठवतो. १९२०×१०८० च्या चित्रात रंग फक्त ९६०×५४० चा असतो, आणि की काढताना, म्हणजे कापडाचा रंग ओळखून तो पारदर्शक करताना, कडेला पायऱ्या दिसतात त्या यामुळेच. ४के घेऊन शेवटी १०८० ला उतरवलं की रंगही पुरा १९२०×१०८० चा मिळतो.

एआय कुठे वापरा म्हणाल तर शूटिंग होऊन गेलंय आणि मागे कापड नव्हतं तिथे, किंवा खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसासाठी. नाचातही त्याचा एक चांगला उपयोग आहे. एआयचा मास्क चांगला आत ओढून फक्त शरीराचा गाभा भरायला घ्या, म्हणजे कापडाच्या रंगाशी जुळणाऱ्या एखाद्या नक्षीमुळे अंगाला भोक पडलं तर ते बुजतं, आणि कडा मात्र कापडाच्या कीवरच ठेवा.

पाचवा मुद्दा दोन ओळींत संपतो. नेहमीच्या H.264 च्या MP4 मध्ये पारदर्शकता साठवलीच जात नाही, मागे काळं येतं. अल्फा हवा तर ProRes 4444 किंवा VP9 चं WebM काढा. आणि तिथेही कडेला बारीक काळी रेघ दिसली तर कीला दोष देण्याआधी एडिटरमध्ये त्या क्लिपचा अल्फा स्ट्रेट, म्हणजे रंग मूळचेच असल्यासारखा, वाचला जातोय की प्रीमल्टिप्लाइड, म्हणजे रंग आधीच पारदर्शकतेने गुणलेले असल्यासारखा, ते बघा, बहुतेक वेळा ते बदललं की रेघ जाते.