मोठी रक्कम अडकते कुठे? रिझर्व्ह बँकेत तर नाही

मेसेज असा फिरतो आहे:

«२ लाखांच्या वरची रक्कम कशीही पाठवा, रिझर्व्ह बँक २४ तास रोखून धरते आणि इन्कम टॅक्सला कळवते. शनिवार-रविवारी आरटीजीएस बंद असते. आरटीजीएसला टक्केवारीनं चार्ज लागतो, आयएमपीएस फुकट आहे. म्हणून १ लाख ९० हजारांचे तुकडे करा आणि आयएमपीएसनंच पाठवा, लगेच पोचते.»

मी नागपुरातल्या एका बँकेत बरीच वर्षं रेमिटन्सच्या टेबलावर काढली. रक्कम कुठे थांबते हे त्या टेबलावरून जेवढं दिसतं, तेवढं मोबाइलच्या स्क्रीनवरून दिसत नाही. म्हणून मेसेजमधल्या क्रमानंच उत्तर देतो.

पहिल्या वाक्याचं उत्तर आरटीजीएसच्या कामाच्या पद्धतीतच आहे. पाठवणाऱ्या बँकेनं संदेश सोडला की रिझर्व्ह बँकेकडे असलेल्या त्या बँकेच्या खात्यातून रक्कम वजा होते आणि घेणाऱ्या बँकेच्या खात्यात जमा होते. एकेक व्यवहार, लगेच. त्यानंतर घेणाऱ्या बँकेला ग्राहकाच्या खात्यात पैसे टाकायला ३० मिनिटं मिळतात. संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत बसून कोणी तुमच्या १८ लाखांकडे बघत नाही. त्या इमारतीचा आणि तुमच्या रकमेचा संबंधच येत नाही. पूर्वी त्या चौकाला आरबीआय चौक म्हणत. गैरसमजाला तेवढंही पुरलं असेल!

इन्कम टॅक्सचं म्हणाल तर बँका वर्षातून एकदा जो तपशील देतात, त्यात बचत खात्यात वर्षभरात भरलेली १० लाख किंवा जास्त रोख येते. रोख, ट्रान्सफर नव्हे. ३० लाख आणि त्यावरच्या मालमत्तेची माहिती दुय्यम निबंधकाकडून जाते, मग पैसे चेकनं द्या की आरटीजीएसनं. रक्कम एकदम पाठवली म्हणून काही वेगळं घडत नाही.

मग उशीर होतो तो कुठे? एक प्रकरण सांगतो. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ बेसा भागात प्लॉट घेत होते. सोमवारी रजिस्ट्री, विक्रेत्याचं खातं एका सहकारी बँकेत, आणि द्यायचे होते १८ लाख. शुक्रवारी चार वाजायला आले असताना त्यांनी शाखेत चेक आणि आरटीजीएसची स्लिप दिली, शिक्का मारलेली काउंटरफॉइल घेतली आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, बँक बंद. रविवारी संध्याकाळी मला म्हणाले, «भाऊ, मेसेजमध्ये लिहिलं ते खरंच निघालं न? दोन दिवस झाले, पैसे मधेच.»

मी एकच विचारलं, «तुमच्या खात्यातून गेले का?» त्यांनी ॲप उघडून बघितलं. बॅलन्स जसाच्या तसा होता.

म्हणजे रक्कम त्यांच्या शाखेबाहेर पडलीच नव्हती. शाखेत स्लिप दिली की एक जण एंट्री करतो आणि दुसरा ती पास करतो. दोघांचा लॉगिन वेगळा असतो. पास करणारा अधिकारी चेकवरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून बघतो, आणि मोठी रक्कम असेल तर ग्राहकाला फोन करून खात्री करून घेतो. गृहस्थांची नोंदीतली सही जुनी होती, फोन गाडीत राहिला होता, आणि साडेचारला काउंटर बंद झालं. स्लिप पासिंगच्या रांगेत पडून राहिली. शिक्क्याची काउंटरफॉइल म्हणजे स्लिप मिळाल्याची पोच, पैसे गेल्याची नव्हे. टेबलावर सगळ्यात जास्त वेळा मला हेच समजावून सांगावं लागायचं.

सोमवारी सव्वादहाला ते शाखेत गेले, सही पुन्हा केली आणि दहा मिनिटांत यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, हातात आला. आरटीजीएसचा यूटीआर २२ अक्षरांचा असतो. सुरुवातीला बँकेची चार अक्षरं, मग R, पुढे व्यवहाराची तारीख आणि क्रमांक. त्यातली तारीख वाचली की बँकेनं रक्कम खरंच कधी सोडली ते कळतं. «साहेब, शुक्रवारीच पाठवली» असं कोणी म्हणत असेल आणि यूटीआरमध्ये सोमवारची तारीख असेल, तर बोलणंच खुंटतं. एनईएफटीचा नंबर १६ अक्षरांचा, त्यामुळे कोणत्या मार्गानं गेले हेही लांबीवरूनच ओळखता येतं.

तरी बारा वाजता विक्रेता म्हणाला, पैसे नाही आले. यूटीआर हातात असल्यावर पाठवणाऱ्याच्या शाखेत खेटे घालून उपयोग नसतो, पुढचा प्रश्न घेणाऱ्याच्या बँकेला विचारायचा. त्यांच्या बँकेनं स्टेटमेंट काढलं तर रक्कम पावणेअकरालाच जमा होती. एसएमएस त्यांच्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर गेला होता, एवढंच.

उशिराचं निदान यातच आलं. खात्यातून वजा झालेले नसतील तर अडचण तुमच्या बँकेत आहे: पासिंग राहिलेलं, सहीत फरक, नवीन बेनिफिशरी जोडल्यावर थांबावं लागतं तो कूलिंग पिरियड, ऑनलाइनची रोजची मर्यादा, किंवा संशयास्पद वाटलेल्या व्यवहारावर बँकेनं लावलेला होल्ड. वजा झाले पण यूटीआर नाही, तरीही तुमच्याच बँकेत. यूटीआर आहे तर घेणाऱ्याची बँक. तिथे खातं फ्रीज असेल, बंद असेल किंवा नंबर चुकला असेल तर रक्कम परत येते. छोट्या सहकारी बँका बऱ्याचदा मोठ्या बँकेमार्फत या व्यवस्थेला जोडलेल्या असतात, तिथे एक टप्पा वाढतो.

नंबर चुकण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. रक्कम खाते क्रमांकावर जाते, नावावर नाही. चुकीच्या नंबराचं खातं अस्तित्वात नसेल तर पैसे परत येतात. असेल तर ते त्या माणसाच्या खात्यात पडतात आणि मग त्याच्या संमतीची वाट बघत बसावं लागतं. म्हणूनच १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी एनईएफटी-आरटीजीएससाठी नाव दाखवण्याची सोय करावी, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकलं की खातेदाराचं नाव दिसतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. शाखेतही विचारता येतं. मोठ्या रकमेच्या आधी हे केलंच पाहिजे.

आता शनिवार-रविवार. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सातही दिवस चालते. रविवारी बंद असते ती शाखा. नेटबँकिंगमधून रविवारी दुपारीही आरटीजीएस जातं, फक्त तुमची ऑनलाइन मर्यादा तेवढी असायला हवी आणि बेनिफिशरी आधीच जोडलेला हवा. आमच्या गृहस्थांची मर्यादा ५ लाख होती, म्हणून रविवारी त्यांना काही करता आलं नाही.

चार्जचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. आरटीजीएसला टक्केवारी नाही. शाखेतून पाठवलं तर २ ते ५ लाखांना जास्तीत जास्त २४.५० रुपये आणि ५ लाखांच्या वर कितीही असो, ४९.५० रुपये, त्यावर जीएसटी. म्हणजे १८ लाखांना ५८ रुपये ४१ पैसे. कोटी रुपये पाठवले तरी तेवढेच. पैसे घेणाऱ्याला काहीच लागत नाही. एनईएफटीला तर बचत खात्यातून ऑनलाइन शून्य, आणि शाखेतून २ लाखांच्या वर जास्तीत जास्त २५ रुपये अधिक जीएसटी. आयएमपीएसचा दर मात्र प्रत्येक बँक आपला ठरवते. काही बँका घेत नाहीत, काही घेतात. तुमची बँक एका व्यवहाराला १५ रुपये अधिक जीएसटी घेत असेल, तर १८ लाखांचे १ लाख ९० हजारांनी दहा तुकडे होतात आणि चार्ज होतो १७७ रुपये.

शिवाय १ लाख ९० हजार हा आकडा कुठून आला कोण जाणे. आयएमपीएसची मर्यादा ऑक्टोबर २०२१ मध्येच २ लाखांवरून ५ लाख झाली. आरटीजीएस किमान २ लाखांपासून सुरू होतं, त्यातून हा घोळ झाला असावा. एनईएफटीला रिझर्व्ह बँकेनं वरची मर्यादा ठेवलेली नाही, तुमची बँक आपली ठेवते ते वेगळं. एनईएफटी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये जातं. सकाळी ११.१० ला पाठवलं तर साधारण साडेअकराच्या बॅचमध्ये, आणि बॅच झाल्यावर दोन तासांत, म्हणजे दीडपर्यंत, एक तर जमा व्हायला हवं नाहीतर परत यायला हवं. रजिस्ट्री दुपारी असेल तर एवढा वेळ पुरतो. विक्रेता समोर बसून वाट बघत असेल तर आरटीजीएसच करा.

तुकड्यांचा खरा धोका चार्जमध्ये नाही. आयएमपीएसचा एखादा व्यवहार मधेच लटकतो: खात्यातून वजा झालेले, समोर जमा नाही, स्क्रीनवर «पेंडिंग». दहातला सातवा असा लटकला की माणूस घाबरून तो पुन्हा पाठवतो, आणि तासाभरानं दोन्ही जमा होतात. आता विक्रेत्याकडून १ लाख ९० हजार परत मागत बसा. नियम असा आहे की लटकलेली रक्कम दुसऱ्या दिवशीपर्यंत आपोआप परत यायला हवी, त्यापुढे बँकेनं रोज १०० रुपये द्यायचे. तोवर दुसरा व्यवहार करू नये. शिवाय नव्या खात्यावर एकामागून एक एकाच आकड्याचे व्यवहार गेले की बँकेची यंत्रणा त्यालाच फसवणुकीचा नमुना समजते आणि होल्ड लावते. ज्या होल्डला घाबरून तुकडे केले, तो तुकड्यांमुळेच लागतो. आणि विक्रीपत्रात भरणा कसा झाला हे लिहावं लागतं, तिथे एका यूटीआरऐवजी दहा क्रमांक, दहा वेळा टायपिंग.

खरंच उशीर झाला तर ग्राहकाला भरपाई मिळते. एनईएफटी जमा करायला किंवा परत करायला बँकेनं उशीर केला तर रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो, अधिक २ टक्के व्याज द्यावं लागतं. रेपो ६ टक्के धरला तर १८ लाखांवर दिवसाला सुमारे ३९५ रुपये. आरटीजीएसची रक्कम परत करायला उशीर झाला तरी हाच दर. त्यासाठी यूटीआर लिहून आपल्या बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत.