वेळेची काहीच अडचण नाही

मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा मी आधी खूश झालो आणि मग जाहिरात नीट वाचली. माणसं हे नेहमी उलट्या क्रमाने करतात. पगाराची रेंज अगदी तळाशी होती. माझा आजचा पगार 100 धरला, तर ते देणार 60 ते 75. मला हवेत 120. म्हणजे मुलाखतीत मी झेंडे लावले, समोरचे भारावून गेले आणि त्यांनी रेंजचं वरचं टोक दिलं, तरी मी चतुर्थांश पगार सोडून घरी येणार. शिवाय वरचं टोक सहसा कुणाला देत नाहीत. ते जाहिरातीत शोभेला असतं.

नाही म्हणायचं ठरलं. पण पगार कमी आहे असं लिहिताना हात अडखळला. आपण पैशासाठी काम करतो हे समोरच्याला कळलं तर काय वाटेल! म्हणून मोघम लिहिलं, "सध्या वेळेची थोडी अडचण आहे." पाच मिनिटांत एचआरमधल्या बाईंचं उत्तर आलं, "काही हरकत नाही, पुढच्या आठवड्यातला कोणता दिवस चालेल?" मी कामाचा ताण पुढे केला. त्यांनी संध्याकाळी सातची वेळ देऊ केली. खोटं कारण दिलं की समोरचा माणूस ते सोडवायला बसतो, आणि ही बाई तर कमालीची मदतशील निघाली. आणखी दोन मेल झाले असते तर मला आजारी पडावं लागलं असतं.

शेवटी सरळ विचारलं: ही रेंज फक्त मूळ पगाराची आहे की बोनस धरून? आणि ती पक्की आहे का? हे आधीच विचारायला हवं होतं, कारण कधीकधी जाहिरातीत फक्त मूळ पगार असतो आणि वरचा बोनस बराच फरक पाडतो. इथे उलटंच निघालं. बोनस आकड्यातच होता आणि रेंज पक्की होती. म्हणजे 75 सुद्धा पूर्ण 75 नव्हते.

मग चार ओळी लिहिल्या. "बोलावल्याबद्दल आभार. काम आवडण्यासारखं आहे. पण माझी अपेक्षा 120च्या आसपास आहे आणि तुमची रेंज त्याहून बरीच खाली आहे, म्हणून दोघांचा वेळ न घेता इथेच थांबतो. पुढे या आकड्याजवळची जागा निघाली तर जरूर कळवा." (मेलमध्ये अर्थात खरे आकडे होते.) "इतक्या कमी पगारात कोण येणार" हे वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडलं. ती रेंज त्या बाईंनी थोडीच ठरवली होती!

उत्तर लगेच आलं. स्पष्ट सांगितल्याबद्दल आभार, आणि या पगारात येईल असं तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?

मी बराच विचार केला. जी नावं सुचली, त्या सगळ्यांशी माझं जुनं भांडण आहे.